कचेरीतील मन आणि झाडाखालची घटका

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर नावाचे मोठे गाव आहे. गावाभोवती काळी जमीन पसरली असून तीत कापूस, तूर आणि सोयाबीन ही पिके होतात. बांधावर कडुनिंब व बाभूळ उभे असतात, आणि वर डोंगराने किंवा इमारतींनी न अडलेले आकाश असते. गावात ग्रामपंचायत, शाळा, बँक आणि पोलीस ठाणे आहे. म्हणजे टेबलाशी बसून दिवस काढणारी माणसेही आहेत. अशा गावच्या कारकुनास झाडाची आणि आकाशाची काय उणीव, असा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या मनात सहज उभा राहील. परंतु त्याच्या दिवसाचा मिनिटामिनिटांचा हिशेब मांडला, तर उत्तर निराळे येते.

समजा, असा एक चाळिशीतील कारकून सकाळी सात वाजता उठतो. चहा व वर्तमानपत्र घरातच होते; हल्ली वर्तमानपत्राची जागा बहुधा मोबाइलच्या पडद्याने घेतलेली असते. दहाच्या सुमारास तो मोटारसायकलवरून पाच मिनिटांत कचेरीत पोहोचतो. वैदर्भीय उन्हाच्या धास्तीने तेथील खिडक्या लावून घेतलेल्या असतात, डोक्यावर नळीचा दिवा असतो, समोर संगणक असतो. दुपारचा डबा टेबलावरच उघडतो. संध्याकाळी सहाला तो उठतो, पाच मिनिटांत घरी येतो आणि दिवे लागण्याच्या वेळी पुन्हा पडद्यापुढे बसतो. जाण्यायेण्याची दहा मिनिटे आणि चहाच्या टपरीवरची दहा मिनिटे धरली, तर चोवीस तासांत आकाशाखाली त्याची वीस मिनिटे गेली. मुंबईच्या चर्चगेटजवळ कचेरी असलेला मनुष्य स्टेशनापर्यंत चालून जातो, त्याची बेरीज कदाचित अधिकच भरेल. तेव्हा गावात झाडे असणे ही एक गोष्ट आणि माणूस झाडाखाली असणे ही दुसरी गोष्ट होय.

या जीवनक्रमाचा परिणाम मनावर कसा होतो, हे त्या कारकुनाच्या घरच्या मंडळींना त्याच्याहून अगोदर कळते. दुपारी तीननंतर त्याचे चित्त कागदावर ठरत नाही. एकच रकाना दोनदा वाचावा लागतो. सकाळी वरिष्ठांनी उच्चारलेले एखादे तिरके वाक्य दिवसभर मनात फिरत राहते, आणि रात्री अंथरुणावर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. झोप उशिरा लागते, सकाळी जडपणा राहतो, आणि मुलाने दप्तर जागेवर ठेवले नाही एवढ्यावरून घरात आवाज चढतो. याला रोग म्हणावे असे काही नसते. पण समाधानही नसते. झाडाखाली किंवा उघड्या आकाशाखाली काढलेला वेळ ज्या स्थितीत खरोखर उपयोगी पडतो, ती स्थिती हीच. तो उपयोग कशामुळे होतो, हे नीट समजले म्हणजे कोणत्या वेळी, किती वेळ आणि कशा रीतीने बाहेर जावे, हेही आपोआप ठरते.

प्रथम एक रूढ समजूत दूर केली पाहिजे. झाडाखाली प्राणवायू अधिक मिळतो म्हणून मन प्रसन्न होते, असे पुष्कळांना वाटते. पिंपळ तर रात्रीही प्राणवायू सोडतो, असे शिकलेली माणसेही सांगतात. वास्तविक प्राणवायू तयार करण्यास वनस्पतीला प्रकाश लागतो. अंधारात कोणतेही झाड तो सोडत नाही, उलट इतर प्राण्यांप्रमाणे श्वसनासाठी घेते. दिवसाही हवेत सुमारे एकवीस टक्के प्राणवायू असतोच, आणि वारा हवा सारखी ढवळीत असल्यामुळे एका झाडाच्या सावलीत त्याचे प्रमाण जाणवण्याइतके वाढत नाही. बंद खोलीत पुष्कळ माणसे बसली म्हणजे कोंदटपणाने डोके जड होते, हे खरे. पण त्यावर खिडकी उघडणे एवढाही उपाय पुरतो. झाडाखाली मनास जे मिळते, त्याची दोन मुख्य कारणे निराळी आहेत: एक डोळ्यांत शिरणारा प्रकाश, आणि दुसरे अवधानास मिळणारा विसावा.

प्रकाशाच्या बाबतीत मनुष्याची दृष्टी त्यालाच फसवते. नळीच्या दिव्याखालची खोली त्याला लख्ख वाटते, कारण डोळ्याची बाहुली आणि पडदा त्या प्रकाशाशी जुळवून घेतात. प्रकाश मोजण्याचे माप लक्स हे आहे. साधारण कचेरीत टेबलावर दोनशे ते पाचशे लक्स प्रकाश असतो. स्वच्छ दिवशी झाडाच्या विरळ सावलीत उभे राहिले, तरी तो काही हजार लक्स असतो; उघड्यावर तो दहा हजारांच्या पुष्कळ वर जातो, आणि भर उन्हात एक लाखाच्या आसपास पोहोचतो. म्हणजे सावलीत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांतही कचेरीतल्या माणसाच्या दहापट किंवा त्याहून अधिक प्रकाश शिरतो, आणि तरीही त्याला त्या दहापटीची जाणीव होत नाही.

डोळ्याला न जाणवणारा हा फरक शरीराला मात्र जाणवतो. नेत्रपटलात पाहण्याच्या कामी येणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, आणि केवळ उजेड किती आहे याची वर्दी मेंदूला देणे हे त्यांचे प्रमुख काम असते. इसवी सन २००२ च्या सुमारास त्यांचे कार्य स्पष्ट झाले. त्यांच्या वर्दीवरून मेंदूतील घड्याळ शरीराचा दिवस केव्हा सुरू झाला हे ठरविते, आणि त्याच हिशेबाने रात्री झोप आणणारा स्राव केव्हा सुरू व्हावयाचा हेही ठरते. सकाळी उजेड भरपूर मिळाला, तर घड्याळ पुढे सरकते. म्हणजे रात्री झोप लवकर येते. सकाळ अंधुक गेली आणि रात्री दिव्यांचा व पडद्यांचा प्रकाश डोळ्यांवर पडत राहिला, तर घड्याळ मागे पडते. मग माणूस अंथरुणावर पडतो, पण त्याच्या शरीराची संध्याकाळच चाललेली असते.

अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात केनेथ राइट या संशोधकाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग या बाबतीत बोलका आहे. त्याने आठ माणसांना एक आठवडा त्यांच्या नेहमीच्या दिव्यांच्या जगात राहू दिले, आणि पुढचा आठवडा डोंगरात तंबूत ठेवले. तेथे दिवसा सूर्य आणि रात्री शेकोटी एवढाच प्रकाश होता. त्या आठवड्यात त्यांना दिवसाकाठी सुमारे चौपट प्रकाश मिळाला, आणि झोपेच्या स्रावाची वेळ जवळजवळ दोन तासांनी अलीकडे आली. जी माणसे घरी उशिरा झोपणारी होती, त्यांच्या घड्याळात अधिक फरक पडला. आठच माणसांवरून सर्व जगाचा नियम काढता येत नाही. पण घड्याळ प्रकाशाने हलते ही गोष्ट इतर अनेक मार्गांनी सिद्ध असल्यामुळे या प्रयोगाचे म्हणणे विश्वसनीय ठरते. अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते, हे सांगण्यास तर प्रयोगाचीही आवश्यकता नाही.

दुसरे कारण अवधानाचे. आकड्यांची रांग तपासणे, अर्जातील चूक हुडकणे, समोरच्या माणसाचे बोलणे ऐकत असताना दूरध्वनीकडे दुर्लक्ष करणे, या सर्व कामांत लक्ष ओढून धरावे लागते. हे ओढून धरणे काही तासांनी थकते. अशा वेळी मोबाइलवरची चित्रे पाहिल्याने विसावा मिळाल्यासारखे वाटते. पण ती चित्रेही लक्ष ओढूनच घेतात. कडुनिंबाची डहाळी हलते, साळुंक्या भांडतात, ढग सरकतो, तेव्हा लक्ष जाते खरे, पण त्याला कोणी जुंपत नाही. ते हवे तेथे रेंगाळते आणि हवे तेव्हा निघून येते. मिशिगन विद्यापीठातील रेचेल व स्टीफन कॅप्लन या दांपत्याने या सैल अवधानाचा विचार मांडला. थकलेल्या अवधानास पूर्ण निष्क्रियतेने जेवढा आराम मिळत नाही, तेवढा अशा सैल गुंतण्याने मिळतो, असे त्यांचे म्हणणे.

याच्याशी लागून असलेली गोष्ट म्हणजे विचारांचे रवंथ. गाईच्या रवंथाने चारा पचतो. कारकुनाच्या रवंथाने वरिष्ठांचे वाक्य पचत नाही, उलट प्रत्येक फेरीस ते अधिक कडू होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेगरी ब्रॅटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अडतीस माणसांवर एक प्रयोग करून तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना विद्यापीठाजवळच्या गवत व ओकवृक्ष असलेल्या माळावर दीड तास चालावयास पाठविले, आणि बाकीच्यांना तेवढाच वेळ रहदारीच्या हमरस्त्याने. चालणे दोघांचे सारखेच, फरक भोवतालाचा. माळावरून परत आलेल्यांचे स्वतःविषयीचे कुढणे कमी झालेले आढळले, आणि अशा कुढण्याशी ज्याचा संबंध जोडला जातो त्या मेंदूच्या पुढील भागातील एका ठिकाणची हालचालही मंदावलेली दिसली. हमरस्त्याने गेलेल्यांत तसा फरक पडला नाही. हा परिणाम कसा टिकतो, दीड तासाऐवजी पंधरा मिनिटांत किती मिळतो, हे त्या एका प्रयोगावरून सांगता येणार नाही. मात्र केवळ पाय हलविल्याने सर्व लाभ होतो असे नाही, डोळ्यांपुढे काय आहे यालाही महत्त्व आहे, एवढे त्यावरून दिसते.

अल्लीपूरच्या माणसास याचे उदाहरण शोधण्यासाठी समुद्रापार जावयास नको. त्याच जिल्ह्यात सेवाग्राम व पवनार ही ठिकाणे आहेत. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहावयास गेले. तेथून चालणारा त्यांचा पत्रव्यवहार आणि लेखन पाहिले, तर आधुनिक कचेरीतील कोणीही मनुष्य त्यांच्याइतका बैठ्या कामाने गांजलेला नसेल. तथापि सकाळ-संध्याकाळचे फिरणे आणि उघड्या मैदानावरील प्रार्थना या दोन गोष्टी त्यांच्या दिनक्रमात ठरलेल्या असत. कामातून वेळ उरला तर आकाशाखाली जावयाचे, अशी ती योजना नव्हती. आकाशाखालचा वेळ आधी राखून ठेवलेला असे आणि काम त्याच्या मधल्या जागेत बसे. त्या वर्षी त्यांनी लावलेला पिंपळ आश्रमाच्या आवारात आहे.

पवनारचे उदाहरण याहूनही नेमके आहे. १९३८ साली विनोबा भावे यांची प्रकृती फार खालावली होती. वजन अवघे ८८ पौंडांवर आले होते. थंड हवेच्या एखाद्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्यावी, असा हितचिंतकांचा आग्रह होता. विनोबांनी दूर जाण्याऐवजी वर्ध्यापासून काही मैलांवर धाम नदीच्या काठी असलेला जमनालाल बजाज यांचा पवनारचा रिकामा बंगला पसंत केला. तेथे जाताना नदी ओलांडते वेळी त्यांनी संस्थांच्या सर्व काळज्यांचा मनाने त्याग केला, आणि पवनारला आल्यावर दिवसाचा काही भाग मुद्दाम निर्विचार राहण्यात घालविला. बाकी वेळात ते शेतात खणू लागले. पहिल्या दिवशी केवळ पाच मिनिटे खणले. मग रोज थोडे थोडे वाढवीत मध्ये विसावे घेऊन ते दोन तासांपर्यंत गेले. दहा महिन्यांच्या आत वजन चाळीस पौंडांनी वाढले.

या कथेतून शास्त्रीय सिद्धांत काढणे धाडसाचे होईल. विनोबांना त्या काळात पौष्टिक आहार मिळाला, जबाबदाऱ्यांपासून सुटका मिळाली आणि व्यायामही झाला. यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे करता येत नाही. परंतु त्यांच्या पद्धतीतील तीन गोष्टी आजच्या कारकुनास जशाच्या तशा घेण्याजोग्या आहेत. त्यांनी ठिकाण जवळचे निवडले. आरंभ पाच मिनिटांनी केला. आणि आकाशाखाली जाताना संस्थांच्या काळज्या नदीच्या अलीकडे ठेवल्या. नैनीताल किंवा महाबळेश्वर येथे वर्षातून आठ दिवस घालविणारा मनुष्य उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस बंद खोलीत काढीत असेल, तर त्याच्या शरीराच्या घड्याळास त्या आठ दिवसांची आठवण राहत नाही.

किती वेळ पुरतो, या प्रश्नास इंग्लंडातील एका मोठ्या पाहणीचे उत्तर हाताशी आहे. मॅथ्यू व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या उत्तरांची छाननी केली. आठवड्यातून एकूण दोन तास किंवा अधिक वेळ बागेत, रानात किंवा समुद्रकाठी घालविणाऱ्यांत, तसे मुळीच न करणाऱ्यांपेक्षा, प्रकृती चांगली असल्याचे व मन समाधानी असल्याचे सांगणारे अधिक निघाले. ते दोन तास एकदम घेतले की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. येथे एक सावधगिरी हवी. ज्यांची प्रकृती मुळातच बरी आहे तेच बाहेर अधिक जातात, असेही असू शकते. अशा पाहणीतून कारण कोणते व कार्य कोणते याचा निर्णय पूर्णपणे होत नाही. म्हणून दोन तास हा आकडा औषधाच्या मात्रेसारखा न मानता आरंभीचे उद्दिष्ट म्हणून मानावा. दिवसाकाठी तो सरासरी सतरा-अठरा मिनिटांचा होतो.

आता हेच सर्व अल्लीपूरच्या त्या कारकुनाच्या दिवसात बसवून पाहावयाचे. त्याला तीन तुकडे मिळू शकतात. पहिला सकाळचा, आणि तोच सर्वांत मोलाचा. कारण शरीराचे घड्याळ याच वेळी पुढे सरकते. उठल्यानंतर तासाभराच्या आत चहाचा पेला घेऊन त्याने अंगणात, गच्चीवर किंवा घराजवळच्या झाडाखाली बसावे. सूर्याकडे टक लावून पाहावयाचे नाही, त्याने नेत्रपटलास इजा होते. आकाश डोळ्यांसमोर असले म्हणजे पुरे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, दुसऱ्यात पंधरा, तिसऱ्यात वीस, असे वाढवावे. ढगाळ दिवशीही बाहेरचा प्रकाश खोलीतल्यापेक्षा कितीतरी अधिक असतो, म्हणून श्रावणात हा क्रम सोडण्याचे कारण नाही. पडवीच्या कडेला बसले तरी काम भागते.

दुसरा तुकडा दुपारचा. डबा संपल्यावर आठ-दहा मिनिटे कचेरीच्या आवारातील दाट झाडाखाली जावे. येथे उद्देश प्रकाशापेक्षा अवधानाच्या विसाव्याचा असतो. दोन फुटांवरच्या पडद्यावर खिळलेले डोळे दूरच्या तुरीच्या शेतावर किंवा क्षितिजावर ठेवले, म्हणजे डोळ्यांतील स्नायूही सैल पडतात. या दहा मिनिटांचा एकच नियम: मोबाइल टेबलाच्या खणात राहिला पाहिजे. तिसरा तुकडा संध्याकाळी घरी परतल्यावर पांदीने अर्ध्या तासाच्या फेरीचा. रोज जमला नाही तरी आठवड्यातून दोन-तीनदा तो साधावा. सकाळचे पंधरा, दुपारचे आठ, आणि दोन संध्याकाळचा एक तास मिळून आठवड्याचे साडेतीन तास सहज होतात. पैकी निम्मे चुकले, तरी दोन तासांच्या जवळ मजल जाते.

हे वेळापत्रक मात्र बारमाही नाही. मार्गशीर्ष-पौषात त्या भागात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत मावळतो; कचेरी सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो. त्या दिवसांत संध्याकाळच्या फेरीवर विसंबता येत नाही, सकाळ व दुपार हीच धरावी लागते. वैशाखात उलट प्रकार. वर्धा जिल्ह्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत दुपारचा तुकडा सर्वस्वी गाळावा. झाडाची सावली ऊन अडविते, पण तप्त वारा अडवीत नाही. सूर्य साडेपाचनंतर लौकरच उगवत असल्यामुळे सहा ते साडेसातची वेळ मात्र रम्य असते. तीच अर्धा तास घ्यावी, आणि रात्री जेवणानंतर दिवे मालवून गच्चीवर किंवा अंगणात बाज टाकावी. रात्रीच्या आकाशाने घड्याळ पुढे सरकत नाही, पण डोळ्यांवरचा कृत्रिम प्रकाश टळतो, आणि तो टळणे हाही अर्धा उपाय आहे.

या भागात उन्हाची गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी नाही. गांधीजींचे चिटणीस महादेव देसाई हे दिवसरात्र लेखणी चालविणारे गृहस्थ होते. ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असता सेगावला पायी जात-येत. एकेरी अंतरच पाच मैलांच्या वर होते, आणि वैदर्भीय उन्हाळाही त्यात आला. अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळत गेली, आणि १९४२ च्या ऑगस्टात बंदिवासात हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. पायपिटीनेच ते घडले असे म्हणता येणार नाही. त्यांच्या कामाचा भारच अमर्याद होता. तरी थकलेल्या बैठ्या शरीरावर उन्हातील मैलांचे ओझे लादणे म्हणजे विसावा नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

स्थळाच्याही काही मर्यादा आहेत. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की शेतातील एकट्या झाडाचा आसरा कधीही घेऊ नये. तत्काळ पक्क्या घरात यावे. कपाशीवर फवारणी चालू असते त्या महिन्यांत पांदीची वाट बदलावी. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. वाऱ्याबरोबर येणारा तो वास नाकास जाणवला, की फेरी तेथूनच परतवावी.

यापेक्षा सामान्य, पण उपायाचे सर्व फळ हिरावून घेणारा दोष निराळाच आहे. कारकून झाडाखाली जातो, पण बरोबर एक सहकारी घेऊन जातो आणि दोघे मिळून वरिष्ठांचे तेच वाक्य पुन्हा उगाळतात. रवंथ टेबलावरून उठून सावलीत आले, एवढाच फरक. सोबत असावी, पण कचेरीचा विषय निघू नये, असा करार आधीच केलेला बरा. एकट्याने गेल्यावरही मन त्याच वाक्याकडे धावते, तेव्हा त्याच्याशी झगडू नये. हाताला व डोळ्याला थोडे काम द्यावे. झाडावर पक्षी किती जातींचे आहेत ते मोजावे, कालची पालवी आज किती उलगडली ते पाहावे, किंवा विनोबांप्रमाणे चार कुदळी माराव्या.

उपाय लागू पडतो आहे की नाही, हे ओळखण्यास एक साधी वही पुरेशी आहे. रोज तीन नोंदी कराव्या: बाहेर किती मिनिटे गेली, झोप अंदाजे किती वाजता लागली, आणि संध्याकाळी मन कसे होते, त्यास दहापैकी किती गुण. पहिला आठवडा दिनक्रम न बदलता केवळ नोंद करावी, नाहीतर तुलना कशाशी करावयाची हेच उरत नाही. पुढील तीन आठवडे वरील क्रम चालवावा. एखाद्या दिवसाच्या गुणांवरून काही ठरवू नये. आठवड्याची सरासरी पाहावी. बहुधा झोपेची वेळ प्रथम अलीकडे येते, आणि चिडचिडीतील फरक मागाहून पडतो. घरच्या माणसाला वही न दाखविता वेगळे गुण द्यावयास सांगितले, तर स्वतःची फसवणूकही टळते. चार आठवड्यांनी दोन्ही आकडे जागचे हललेच नाहीत, तर दुखण्याचे मूळ अन्यत्र आहे असे समजावे. ते कामाच्या असह्य ओझ्यात असेल, कर्जात असेल किंवा शरीराच्या एखाद्या विकारात असेल. आणि कडुनिंबाची सावली हप्ते फेडीत नाही.

शेवटची मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. कंटाळा व चिडचिड वेगळी आणि विषण्णतेचा आजार वेगळा. दोन आठवडे सतत उदास वाटणे, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही रस न उरणे, अन्न व झोप सुटणे, स्वतः निरुपयोगी असल्याची भावना होणे किंवा जगण्याचाच वीट येणे, अशी लक्षणे दिसली, तर त्या माणसास फिरावयास जाण्याचा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. त्याच्या अंगी अंथरुणातून उठण्याचेही बळ नसते. त्यास डॉक्टरांकडे न्यावे. सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे, आणि भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. औषधोपचार सुरू झाल्यावर घरच्या कोणी हात धरून सकाळची दहा मिनिटे अंगणात बसविले, तर ती दहा मिनिटे उपचारास साह्य करतील. उपचाराची जागा ती घेऊ शकणार नाहीत.

मुंबई, पुणे किंवा नागपूर येथील कुटुंबास पांद मिळणार नाही आणि तुरीचे शेतही मिळणार नाही. पण वरील दोन कारणे ध्यानात घेतली, तर त्यांना लागणारी सामग्री थोडीच आहे. सकाळच्या प्रकाशास पूर्वेकडची गच्ची किंवा चाळीची उघडी गॅलरी चालते. बंद काचेमागची खुर्ची मात्र तितकी चालत नाही, कारण खोलीत एक-दोन हात आत सरकताच प्रकाश झपाट्याने घटतो. अवधानाच्या विसाव्यास रस्त्याच्या कडेचा एक जुना वड, चिंच किंवा गुलमोहर पुरतो, फक्त तेथे पाठ रहदारीकडे आणि तोंड झाडाकडे करून बसावे. उद्या सकाळी पहिला चहा पडद्यापुढे न घेता उंबऱ्याबाहेर घेतला, म्हणजे वहीतील पहिल्या रकान्यात लिहावयास दहा मिनिटे मिळतील.